एकच घर नंबर, दोन गल्ल्या

(नांदेड येथे तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हे बोर्ड मी परभणीकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी हातानं तारा ओढून बांधलं होतं. मधे 8085 प्रोसेसर, एका बाजूला 2764 ही 8 केबीची ईप्रॉम, दुसऱ्या बाजूला 6264 ही 8 केबीची रॅम. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन वाचायचं, एवढंच काम. चुकलो कुठं ते सांगतो, पण आधी जोडणी.

8085 ला पत्त्याच्या 16 तारा आहेत, म्हणजे 64 केबी जागा. आपल्या दोन्ही चिपांना 13 ताराच लागतात, कारण दोनाचा तेरावा घात 8192. म्हणून ए0 ते ए12 या तारा दोघींना समांतर जातात. (खालच्या आठ तारा डेटासोबत वाटून घेतलेल्या असतात, त्या लॅचमधून वेगळ्या काढा. तो भाग तुम्हाला येतो.) आता 12 नंबरचं घर रॅममध्येही आहे आणि रॉममध्येही. पोस्टमन पत्र कुठं टाकणार? गल्लीचं नाव बघूनच. ते नाव उरलेल्या तीन तारांवर असतं : ए13, ए14, ए15. तीन तारांच्या आठ गल्ल्या, प्रत्येकी 8 केबीच्या.

त्या वाचायला 74138 हा डीकोडर. त्याच्या पिन 1, 2, 3 वर अनुक्रमे ए13, ए14, ए15. आठ आउटपुटांपैकी एका वेळी एकच खाली, म्हणजे शून्यावर येतं. वाय0 रॉमच्या चिप सिलेक्टला द्यायचं, म्हणजे रॉम 0000H ते 1FFFH. इथं आपल्याला निवड नाही : रीसेट झाल्यावर 8085 पहिली सूचना 0000H वरूनच उचलतो. तिथं रॅम ठेवली, तर वीज आल्या आल्या कचराच चालेल. वाय1 रॅमला, 2000H ते 3FFFH. वाचायची आज्ञा दोन्ही चिपांच्या आउटपुट एनेबलला, लिहायची फक्त रॅमला.

डीकोडरच्या एका एनेबल पिनवर आयओ-एम ही तार न विसरता द्या. 8085 पोर्टशी बोलताना पोर्टचा नंबर पत्त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांवर ठेवतो. ही तार नसेल, तर `OUT 20H` केलं की पत्ता दिसतो 2020H, वाय1 खाली येतं आणि पोर्टसोबत रॅममध्येही गुपचूप लिहिलं जातं. असा दोष शोधायला लई दिवस जातात.

माझ्याकडं ही तार होती. चूक वेगळीच झाली. बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा, आणि पहिल्या `CALL` नंतर सगळं गप्प. रॉम चालतेय म्हणून मी डीकोडरकडं बघितलंच नाही. रॅम खराब असेल म्हणून दोन रॅम बदलल्या, तीच गत. मग रॅमवर विसंबून नसलेला, म्हणजे स्टॅक न वापरणारा, एवढाच प्रोग्राम रॉममध्ये टाकला :

```
MVI A,55H
STA 2000H
LDA 2000H
OUT 01H
HLT
```

पोर्टवर आठ दिवे होते. 55H आलं असतं तर एकाआड एक लागले असते. आठही लागले, म्हणजे FFH. माझ्या डेटा तारांना पुल-अप रोध होते. त्यामुळं तिथं कुणीच उत्तर दिलं नाही तर सगळे बिट एक वाचले जातात. चिप बिघडली असती तर बहुधा एखाद-दुसरा बिट चुकला असता. इथं तर त्या गल्लीत कुणी राहतच नव्हतं.

मग 2000H च्या जागी 4000H टाकून बघितलं. दिवे एकाआड एक! ए13 आणि ए14 या तारा डीकोडरवर अदलाबदल झाल्या होत्या. फसगत कशी झाली बघा : रॉमच्या गल्लीत तिन्ही तारा शून्य, शून्य-शून्य अदलाबदल केलं तरी शून्यच. म्हणून रॉम ठणठणीत. 2000H ला मात्र वाय2 खाली येत होतं, तिथं काहीच जोडलेलं नव्हतं, आणि रॅम 4000H वर जाऊन बसली होती.

मी स्टॅक 4000H वरून खाली सुरू केला होता. `CALL` नं परतीचा पत्ता 3FFFH आणि 3FFEH ला लिहिला, तो हवेत गेला. `RET` ला परत मिळालं FFFFH. तिथंही काही नाही, म्हणून सूचना म्हणून वाचली गेली FFH. आणि FFH म्हणजे 8085 मध्ये `RST 7`, उडी 0038H वर. माझ्या ईप्रॉममध्ये तो भाग कोरा होता, आणि कोऱ्या ईप्रॉममध्येही FFH च असतं. म्हणजे पुन्हा `RST 7`, पुन्हा 0038H. प्रोसेसर थांबला नव्हता, जागच्या जागी पळत होता. तेव्हापासून 0038H वर मी एक दिवा कायमचा लावून थांबणारा छोटा प्रोग्राम ठेवतो. तो दिवा लागला की आधी स्टॅककडं आणि पत्त्याच्या तारांकडं बघायचं, रॅम बदलायला पळायचं नाही.

दोन तारा काढून उलट्या लावल्या. `CALL` पार पडला, आणि काट्यानं रिकाम्या पाटाचं वजन शून्य दाखवलं.