बायोमधली ती वळणदार अक्षरं

नमस्कार मंडळी. आता पावसाळा सरलाय, तारकर्ली-देवबागला पाहुण्यांची गर्दी सुरू होईल. होमस्टेवाले, बोटिंगवाले, आंबा-काजूवाले सगळेच इन्स्टावर आहेत आणि बहुतेकांच्या बायोमध्ये नाव असं असतं, 𝓜𝓪𝓵𝓿𝓪𝓷 𝓗𝓸𝓶𝓮𝓼𝓽𝓪𝔂, म्हणजे लग्नपत्रिकेसारखं वळणदार. हे कुठल्याशा वेबसाइटवर टाईप करून कॉपी-पेस्ट केलेलं असतं आणि सगळे त्याला 'फॉन्ट' म्हणतात. तर तो फॉन्ट नाहीये, आज एवढ्याचबद्दल बोलणार आहे.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो, युनिकोडचा. साधा इंग्रजी कॅपिटल एम म्हणजे U+004D. तुम्ही वर्डमध्ये तो बोल्ड करा, तिरका करा, फॉन्ट बदला, नंबर तोच राहतो, फक्त दिसणं बदलतं. दशावतारातला नट रात्रभर वेष बदलत असतो पण माणूस तोच असतो ना, तसं. बायोमधला तो वळणदार एम मात्र U+1D4DC आहे, म्हणजे वेष बदललेला नट नव्हे, दुसराच माणूस. युनिकोडमध्ये त्याचं नावच आहे 'मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एम'. २००१ मध्ये युनिकोड ३.१ आलं तेव्हा ही अक्षरं गणितवाल्यांसाठी घेतली, कारण गणितात साधा एक्स वेगळा आणि जाड एक्स वेगळा, जाड म्हणजे बऱ्याचदा व्हेक्टर, तिथे आकारालाच अर्थ असतो. आपलं दुकान सजवायला ती बनवलेलीच नाहीत. आणि म्हणूनच 'मालवण' देवनागरीत लिहून त्या वेबसाइटवर टाकलंत तर काहीच होत नाही, जसंच्या तसं परत येतं, कारण देवनागरीचा असा गणिती संच नाहीच. खरा फॉन्ट असता तर मराठीलाही लागला असता की!

आता ज्यांना दिसत नाही ते फोन कसा वापरतात? स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवतो. तो आकार बघत नाही, नंबर बघतो. कुडाळला माझ्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांना अजिबात दिसत नाही पण फोन आपल्यापेक्षा भराभर चालवतात, नातेवाइकांसाठी खोली शोधत होते आणि असाच एक बायो आला. फोन बोलायला लागला, मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एम, मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट स्मॉल ए, असं प्रत्येक अक्षराला. त्या नावात चौदा अक्षरं आहेत, प्रत्येकाला पाच शब्द, म्हणजे नुसतं नाव ऐकायला सत्तर शब्द, आणि ते ऐकताना मधलं अक्षर लक्षात ठेवून मनात जोडायचं! काकांनी पुढे स्वाइप केलं आणि दुसरीकडे खोली घेतली. सगळीकडे असंच वाचलं जातं असंही नाही, एखादा रीडर नुसती सुटी अक्षरं म्हणतो, एखादा चक्क गप्प बसतो, म्हणजे नावच गायब. आणि गप्प बसणं मला जास्त वाईट वाटतं, कारण काहीतरी सुटलंय हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

मग कोणी म्हणेल रीडर बनवणाऱ्यांनीच सुधारावं. काहींनी केलंय, कॉम्प्युटरवरच्या एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरमध्ये २०२४ पासून अशी अक्षरं साधी करून वाचायची सोय आहे, पण ती माणसाने स्वतः चालू करावी लागते, आणि सरसकट सगळं साधं केलं तर गणित शिकणाऱ्या अंध मुलाला जाड एक्स आणि साधा एक्स यातला फरकच कळणार नाही. म्हणजे तिकडून हा गुंता पूर्ण सुटत नाही, आपण साधं टाईप केलं की लगेच सुटतो.

फोन नंबर तर त्या जाड आकड्यांत कधीच टाकू नका. ते आकडेही गणिताचेच वेगळे नंबर आहेत, फोनने ते ओळखले नाहीत तर टॅप करून कॉल लागत नाही. आणि जुन्या फोनवर हे सगळं नुसते चौकोन दिसतं.

घरी करून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू करा आणि आपल्याच बायोवर बोट ठेवून ऐका. एक सांगून ठेवते, ते चालू असताना एक टॅप म्हणजे फक्त ऐकणं आणि उघडायला दोन टॅप लागतात, त्यामुळे बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा. ते नको असेल तर बायो कॉपी करून एखाद्या नोटमध्ये पेस्ट करा आणि तिथे साध्या इंग्रजीत Malvan शोधा, बऱ्याच अ‍ॅपमध्ये 'सापडलं नाही' असं येईल. उठून दिसायचंच असेल तर प्रोफाइल फोटोत सुंदर लोगो लावा, तिथे हवी तितकी वेलबुट्टी काढा, आणि बायोत तेच नाव साध्या अक्षरांत, पहिल्याच ओळीत, त्याखाली गाव आणि साध्या आकड्यांत नंबर.