गोवराचा माग: पुरळाच्या तारखेपासून

२०२२च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीत गोवराची साथ आली. अशा दाट वस्तीत संपर्कातली माणसं कशी शोधायची, एवढंच आज बघू.

आधी संशयित रुग्ण कोणाला म्हणायचं ते ठरवा. ताप आणि अंगावर लाल पुरळ, पण पुरळात पाण्याचे फोड नाहीत, एवढं दिसलं की नाव यादीत घ्यायचं. रक्ताच्या अहवालासाठी थांबू नका. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात गोवर असूनही आयजीएम तपासणी निगेटिव्ह येऊ शकते.

मग पुरळ उठल्याची तारीख पक्की करा. "कधीपासून आजारी आहे?" असं विचारलं की आई तापाची तारीख सांगते आणि पुढचं सगळं गणित चुकतं. "कानामागे, चेहऱ्यावर लाल ठिपके पहिल्यांदा कधी दिसले?" असं विचारा. पुरळ तिथून खाली उतरतं. छातीवर दिसलं तेव्हाची तारीख धरली, तर एखादा दिवस हातचा जातो.

समजा, पुरळ १४ नोव्हेंबरला उठलं. आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस, म्हणजे १० ते १८ नोव्हेंबर, हे मूल आजार पसरवू शकतं. आता एकेक दिवस घेऊन आईला विचारत जा. कळतं की १२ला संध्याकाळी सहा ते साडेसहा ते दवाखान्याच्या बाकावर बसलं होतं. तेव्हा तिथे असलेले सगळे संपर्कात आलेच. पण गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणून साडेआठपर्यंत आलेलेही यादीत घ्यायचे. ही नावं आईला माहीत नसतात, ती दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये सापडतात. नेमकं तेच पान बघायचं राहून जातं.

संपर्कानंतर ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो. पुरळ दिसेपर्यंत घरातल्या भावंडांची ही मुदत बहुधा उलटलेली असते. दवाखान्यातल्या मुलांना मात्र १५च्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे, म्हणून आधी त्यांच्या घरी जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मुदत टळलेल्यांचा राहिलेला डोसही द्या, तो पुढे उपयोगी पडेल. गरोदर बाई आणि सहा महिन्यांखालचं बाळ यांना ही लस देत नाहीत. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा, कारण इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं.

प्रत्येकावर शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस लक्ष ठेवायचं. दवाखान्यातल्यांसाठी ते ३ डिसेंबरपर्यंत होतं. १८पर्यंत रुग्णासोबत राहिलेल्या घरच्यांसाठी ९ डिसेंबरपर्यंत. लस दिल्याची तारीख नावासमोर लिहाच. लसीनंतर आठवड्याभराने कधीकधी हलका ताप आणि पुरळ येतं, आणि तारीख नसेल तर तो नवा रुग्ण वाटतो.

घरच्यांना सांगायचं ते इतकंच: ताप, खोकला किंवा लाल डोळे दिसले तर मुलाला अंगणवाडीत पाठवू नका. दवाखान्यात नेण्याआधी फोन करा, आणि पोचल्यावर रांगेत न बसता बाहेरूनच निरोप द्या.