एका ॲपमधील अनेक खाती आणि सामायिक पासवर्ड

आज आपण इन्स्टाग्रामपुरतेच बोलू, कारण एका ॲपमध्ये अनेक खाती ठेवली आणि त्यातल्या एकाचा पासवर्ड दुसऱ्याला दिला तर काय होते, हा प्रश्न घरगुती व्यवसाय करणाऱ्या अनेकांना तिथेच पडतो. समजा, एका ताईंचे एक खाते वैयक्तिक आहे आणि दुसरे त्यांच्या फराळाच्या व्यवसायाचे. व्यवसायाच्या खात्याचा पासवर्ड त्यांनी ऑर्डर सांभाळणाऱ्या मदतनीस मुलीलाही दिला आहे.

ताई दुसरे खाते ॲपमध्ये जोडतात, तेव्हा सर्व्हर पासवर्ड तपासतो आणि त्या खात्यापुरते एक टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची डिजिटल खूण, फोनला देतो. फोनमध्ये अशी दोन स्वतंत्र टोकन राहतात. खाली उजवीकडचे प्रोफाइलचे चित्र दाबून धरले की खात्यांची यादी येते. त्यातून खाते बदलताना आधीच्या खात्यातून लॉगआउट होत नाही, फक्त वापरात असलेले टोकन बदलते. म्हणूनच पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही, आणि म्हणूनच उघडा फोन ज्याच्या हाती पडेल त्याला दोन्ही खाती मिळतात.

नोटिफिकेशन मात्र वापरात नसलेल्या खात्याचीही येतात, कारण दोन्ही खात्यांपाशी त्याच फोनची नोंद असते. ती कोणत्या खात्याची, हे सोबतच्या नावावरून कळते. त्यांची सेटिंग प्रत्येक खात्याची वेगळी असल्यामुळे, वैयक्तिक खात्यात जाऊन तिथली नोटिफिकेशन थांबवली, तरी ऑर्डरचे मेसेज येत राहतात. एका ॲपमध्ये अनेक खाती ठेवण्याची सोय फेब्रुवारी 2016 मध्ये आली, तेव्हा सामायिक खाते वापरणाऱ्या काहींना सोबत्याच्या वैयक्तिक खात्याची नोटिफिकेशन दिसू लागली होती. तो दोष ॲपचा होता. आजचा धोका आपण स्वतः निवडलेल्या एका सेटिंगमधून येतो, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो.

खाती एकमेकांशी जोडण्यासाठी Accounts Centre नावाची सेटिंग असते. दोन्ही खाती एकाच Accounts Centre मध्ये जोडली, तर एका खात्याच्या लॉगिनने दुसऱ्यात शिरण्याची सोय सुरू करता येते. ताईंना ती सोयीची वाटते. पण मग फराळाच्या खात्याचा पासवर्ड जिच्यापाशी आहे, तिला ताईंच्या खासगी मेसेजपर्यंतही पोहोचता येऊ शकते. पासवर्ड दोन असले, तरी कुलूप एकच उरते.

मदतनीस काम सोडून गेली, तर ताईंनी आधी ही जोडणी तोडावी. नुसता पासवर्ड बदलून ती तुटत नाही. त्यानंतर व्यवसायाच्या खात्याचा पासवर्ड बदलावा. मग खाते कोणकोणत्या फोनवर उघडे आहे हे दाखवणाऱ्या Where you're logged in या यादीत फोनचे मॉडेल, अंदाजे ठिकाण आणि वेळ पाहून, मुलीच्या फोनची नोंद अजून उरली असेल तर तिथूनच लॉगआउट करावे. हीच यादी वैयक्तिक खात्यासाठीही उघडून पाहावी. तिथे अनोळखी फोन दिसला, तर त्याही खात्याचा पासवर्ड बदलावा लागेल.