हेडसेटचा आवाज वाढतो कुठून?

(पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी गेमिंगचा हेडसेट आहे, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. दोघा-तिघांनी तर पिशवीतून तो बरोबरही आणलाय. फार चांगलं केलंत, शेवटी त्याचं काम आहे. विषयाचं नाव आहे ‘कन्सोलवरच्या आवाजमर्यादा’. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या. ऑडिओलॉजिस्ट म्हणून मी रोज मुलांचे कान तपासते आणि रोज एकच वाक्य ऐकते: “डॉक्टर, कितीही सांगा, हा आवाज कमी करतच नाही.” मुलगा हट्टी आहे, असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं वेगळं आहे. बहुतेक वेळा मुलाला मोठा आवाज नकोच असतो. त्याला त्याच्या मित्राचं बोलणं ऐकायचं असतं.

हे मला क्लिनिकमध्ये कळलं नाही. कळलं नाशिकला, ताईच्या घरी, दिवाळीच्या सुट्टीत.

भाचा अकरा वर्षांचा आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेले, आम्ही हॉलमध्ये फराळाचे डबे आवरत होतो, आणि तो कोपऱ्यात प्लेस्टेशनसमोर हेडसेट लावून बसलेला. मी सात-आठ फुटांवर होते आणि मला बंदुकीचे आवाज ऐकू येत होते. टीव्ही म्यूट होता. म्हणजे तो आवाज त्याच्या कानांवरच्या कपांमधून बाहेर झिरपत होता. ताई म्हणाली, “बघ, हे असं. तीनदा हाक मारली तरी ओ देत नाही. तुझ्या भाच्याचे कान तूच तपास.”

मशीन काही दिवाळीला बरोबर नेत नाही मी. मग मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्याला मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं. एका बाजूने हेडसेटचा कप त्यावर घट्ट दाबून धरला, दुसऱ्या बाजूने फोनचा माइक भोकाला लावला, आणि आवाज मोजणारं ॲप सुरू केलं. हा कच्चा हिशेब आहे, हे नीट लक्षात घ्या. फोनचा माइक काही डेसिबल इकडेतिकडे दाखवतो, आणि पुठ्ठा म्हणजे कानाचा पडदा नव्हे. पण आधी किती होता, नंतर किती झाला, हे बघायला तो पुरतो. आकड्यापेक्षा फरकावर भरवसा ठेवायचा, आणि आकडा घ्यायचाच तर तीन-चार डेसिबल हात राखून.

भाच्याला म्हटलं, “तू खेळ, मी फक्त एका बाजूचा कप घेते.” त्याला गंमत वाटली. खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळे जमत असतात तेव्हा, आकडा सत्तरच्या आसपास. चकमक सुरू झाली की ८६-८७. दहा मिनिटांची सरासरी ८४. मी विचारलं, “एवढा मोठा कशाला लागतो रे?” तो म्हणाला, “मावशी, अगं, मोठा नकोच आहे मला. पण फायरिंग सुरू झालं की ते काय बोलतात तेच कळत नाही.”

इथे मी थांबले. कारण हे आमच्या शास्त्रातलं अगदी साधं तत्त्व आहे: मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. शेजारी मिक्सर चालू असताना आपण फोनवर ओरडतो ना, तसंच. फरक एवढाच, की या मुलाच्या हातात जे एक चाक आहे, ते फिरवलं की मित्राचा आवाजही वाढतो आणि बंदुकीचाही. झाकणारा आणि झाकला जाणारा दोघंही वर चढतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. मग पाच मिनिटांनी पुन्हा थोडं चाक. वर आमच्या ताईकडचा पंखा, तो वेगळाच करकरत होता. त्याच्यावर मात करायला आणखी थोडं.

आणि “थोडं” हा शब्द फार फसवा आहे. तीन डेसिबल वाढवले तर कानाला जेमतेम फरक जाणवतो, पण कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून हिशेब असा बसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून ऐकण्याच्या उपकरणांसाठी जी मर्यादा सुचवली आहे, ती मुलांसाठी आठवड्याला ७५ डेसिबल, ४० तास. मोठ्यांसाठी ८०. तीन डेसिबल चढले की तास निम्मे. ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला फक्त ५ तास.

भाचा सुट्टीत रोज तीन तास खेळत होता, म्हणजे आठवड्याला २१ तास. ८४ वर त्याचा वाटा होता ५ तासांचा. सोमवारी सुरुवात केली तर मंगळवारी संध्याकाळीच संपलेला! पण उलट बाजूने बघा. तोच आवाज ७८ वर आला असता, तर २० तास. म्हणजे सहा डेसिबलमध्ये त्याची जवळजवळ सगळी सुट्टी बसत होती. खेळ बंद करायची गरजच नव्हती. ताईला हे पटायला वेळ लागला, कारण तिला खरं तर खेळ बंदच करायचा होता. तो तिचा घरचा प्रश्न, त्यात मी पडले नाही.

मग आम्ही दोघं खेळाच्या आतल्या ऑडिओच्या पानावर गेलो. मित्रांसोबत खेळायच्या बहुतेक खेळांत तिथे वेगवेगळ्या पट्ट्या असतात: संगीत वेगळं, इफेक्ट म्हणजे स्फोट-गोळीबार वेगळा, बोलणं वेगळं. संगीत शून्यावर नेलं. इफेक्ट शंभरवरून पंचावन्नवर. बोलणं शंभरलाच ठेवलं. त्याशिवाय त्या खेळात ‘Dynamic Range’ नावाचा पर्याय होता. मुलं आवाज चढवतात त्याचं दुसरं कारण असतं शत्रूच्या पावलांची चाहूल. ती फार बारीक असते, म्हणून आवाज वाढवायचा, आणि मग त्याच आवाजावर शेजारी बाँब फुटतो. हा पर्याय ‘रात्री’च्या मोडवर ठेवला की बारीक आवाज थोडे वर येतात आणि धडाके खाली दबतात, दोन्हींमधली दरी कमी होते. शेवटी ताईला पंखा एकवर करायला लावला.

आणि मग त्याला म्हटलं, आता हेडसेटचं चाक तुझ्या हाताने, तुला मित्र नीट ऐकू येतील तिथे आण. त्याने आणलं. झाकण, भोक, फोन. चकमकीत ८०, दहा मिनिटांची सरासरी ७७. तो म्हणाला, “आता तर जास्त क्लिअर येतंय!” अर्थातच. झाकणारा बाजूला झाला होता.

(आयोजकांनी वेळेची चिठ्ठी दिली आहे. बारा मिनिटं उरलीत म्हणे. ठीक आहे, कन्सोल घेते.)

निन्टेन्डो स्विचवर सोय स्वतंत्र आणि सोपी आहे. HOME, मग System Settings, त्यात System, आणि तिथे `Lower Max Headphone Volume`. हे चालू केलं की हेडफोनच्या आवाजाची वरची हद्दच खाली येते. पालकांचं नियंत्रण म्हणजे Parental Controls सुरू केलं असेल, तर हे आपोआप चालू होतं. बऱ्याच घरांत ते आधीच चालू असतं आणि कोणाला माहीत नसतं. घरी गेल्यावर बघा. पण ते छत आहे, मीटर नाही. किती डेसिबल हे ते सांगत नाही, तासही मोजत नाही.

प्लेस्टेशन ५ मध्ये हेडसेटचा आवाज आणि खेळ विरुद्ध बोलणं यांचा तोल, दोन्ही PS बटण दाबून खाली येणाऱ्या पट्टीत, Sound मध्ये सापडतं. मघाशी सांगितलेलं काम खेळाच्या पानावर जमत नसेल, तर हा तोल बोलण्याकडे सरकवा, अर्धं काम होतं. पालकांच्या नियंत्रणात मात्र वय, खर्च, गप्पा, खेळायचा वेळ एवढंच. आवाजाला कुलूप नाही. तरी खेळायच्या वेळेची मर्यादा कामाची आहे, कारण आपला हिशेब आवाज आणि तास या दोन्हींचा आहे. एक हातात नसेल तर दुसरं धरा. एक्सबॉक्सलाही पालकांच्या हाती मुख्यतः तासच लागतात.

आता सगळ्यात मोठी पळवाट. ज्या हेडसेटला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं चाक आहे, तो कन्सोलनंतर आवाज पुन्हा वाढवू शकतो. म्हणून मर्यादा लावली आणि झालं असं समजू नका. हेडसेटचं चाक पूर्ण फिरवून, झाकण लावून, एकदा मोजा. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते कळतं.

खोक्यावर ‘मुलांसाठी सुरक्षित, ८५ डेसिबल’ छापलेले हेडफोन मिळतात. यावर माझा राग आहे, तो जाहीर सांगते. ८५ हा आकडा कारखान्यातल्या कामगारासाठीच्या हिशेबात येतो: मोठा माणूस, दिवसाला आठ तासांची पाळी. मुलाच्या आठवड्याच्या हिशेबात ८५ म्हणजे चार तास. खोक्यावर तास कुठेच लिहिलेले नसतात. शिवाय काहींमध्ये ही मर्यादा वायरमधल्या एका छोट्या रोधकावर अवलंबून असते. वायर बदलली की मर्यादा गेली. विकत घेऊ नका असं नाही, पण तो आकडा म्हणजे परवाना नव्हे. २०२५ साली व्हिडिओ गेमसाठी स्वतंत्र जागतिक मानक आलं आहे. खेळातल्या वेगवेगळ्या आवाजांना वेगवेगळ्या पट्ट्या द्या आणि किती ऐकलं याची मोजदाद ठेवा, हे त्यात आहे. ते पाळायची कंपन्यांवर सक्ती नाही. म्हणून तोवर झाकणाला भोक.

शेवटचं, कळतं कसं? खेळून उठल्यावर मुलगा म्हणाला की कानात शीं वाजतंय, किंवा दडे बसल्यासारखे वाटतात, किंवा टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा वाढवू लागला, तर त्या दिवशी कान थकला आहे. रात्रभरात बहुधा तो सावरतो. पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि नुकसान आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होतं, जिथे स, श, फ, ट यांसारख्या व्यंजनांची धार असते. म्हणून सुरुवातीला मुलगा “ऐकू येत नाही” असं म्हणत नाही, “काय म्हणालीस?” असं विचारतो. शीं दुसऱ्या सकाळीही राहिली, किंवा असं वारंवार होत असेल, तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही.

भाच्याचा मी नाशिकला परत गेल्यावर काढला. रेष सरळ निघाली. ताईला मात्र तो अजूनही तीन हाका मारायला लावतो.

वेळ संपली. प्रश्न बाहेर घेऊ. ज्यांनी हेडसेट आणले आहेत त्यांनी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी या, पुठ्ठा आणि कात्री तिथे ठेवली आहे.