कालचं हुमण आणि आजची गोळी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'औषध आणि आपण' असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मी दिलेला विषय होता, 'पुढची गोळी घेताना मागच्या गोळ्या रक्तात किती उरलेल्या असतात?' छापणाऱ्याला तो फार लांब वाटला असावा. पण बोलणार मी त्यावरच.

तीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहून मी एक वाक्य हजारदा ऐकलंय: सकाळची गोळी रात्रीपर्यंत संपते, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी. संपत नाही हो! आपल्या घरी कालचं हुमण कधी पूर्ण संपतं का? तळाशी उरतंच, आणि ते आजच्यापेक्षा चांगलंही लागतं. औषधही असंच उरतं, फक्त ते चांगलं लागत नाही, एवढाच फरक.

हेच भांडं धरून चालू. घरातली माणसं भांड्यात बघून खातात. भरपूर असेल तर भरपूर वाढून घेतात, थोडं असेल तर बेतानं. म्हणजे दिवसाला जे असेल त्याचं निम्मं संपतं. बहुतेक औषधं शरीरातून अशीच जातात. निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. आता रोज एक वाटी नवं घाला. पहिल्या दिवशी एक. दुसऱ्या दिवशी अर्धी उरलेली आणि एक नवी, दीड. मग पावणेदोन, मग दोनला थोडं कमी. भांडं दोन वाट्यांच्या वर कधीच जात नाही, कारण दोन वाट्या झाल्या की रोज एक संपते आणि एकच येते. साठत जाऊन औषध डोक्यावरून जाईल ही भीती खोटी, आणि रोज सगळं संपतं हा दिलासाही खोटा.

आता माझ्या मामांची गोष्ट. ती मी जिथे जातो तिथे सांगतो; मामी हयात आहेत आणि त्यांची परवानगी आहे. मामा फोंड्याचे, निवृत्त शिक्षक, गणिताचे. नाडी वेडीवाकडी धावायला लागली म्हणून डॉक्टरांनी डिगॉक्सिन दिलं, रोज सकाळी एक गोळी. तिसऱ्या दिवशी मामांचा मला फोन, "आरे, तीन दीस जाले, कांयच फरक ना." मी म्हटलं, थांबा. गणिताचे शिक्षक थांबतात होय? चौथ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच दोन गोळ्या सुरू केल्या आणि कोणाला सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी रविवार होता. मामींनी बांगड्याचं हुमण केलं आणि मामा म्हणाले, नको. मामींनी मला फोन केला, "नुस्त्याक ना म्हणटात, म्हणजे हांकां कितें तरी जालां." हसू नका. निदान बरोबर होतं. डिगॉक्सिन जास्त झाल्याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते: भूक जाते, मळमळतं. नाडी मंदावते, आणि काहींना सगळं पिवळट-हिरवट दिसतं. ज्या झाडापासून हा औषधांचा वर्ग आला, त्या फॉक्सग्लोव्हबद्दल विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ साली हेच लिहून ठेवलंय: मोठ्या आणि लागोपाठ मात्रा दिल्या की उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी हळू चालते. मामींनी विदरिंग वाचलेला नव्हता.

मग रक्त तपासलं, आणि इथे माझी तक्रार सुरू होते. प्रयोगशाळेचं नाव घेत नाही. मामा सकाळी गोळ्या घेऊन गेले, तासाभरात रक्त काढलं. आकडा भयंकर आला. पण तो आकडा वाचायचाच नसतो! गोळी आधी रक्तात येते आणि मग सावकाश हृदयात, स्नायूंत शिरते. त्याला काही तास लागतात. तोवर रक्तातला आकडा फुगलेला असतो. म्हणून नमुना गोळीनंतर निदान सहा तासांनी, किंवा सरळ पुढच्या गोळीच्या आधी घ्यायचा. मी विचारलं, नमुना किती वाजता घेतला? बाई म्हणाल्या, ते आम्ही लिहीत नाही. रिपोर्टवर तो रकाना होता, बरं का. कोरा. शेवटी त्या दिवसापासून गोळी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त काढलं. तेव्हाही जास्तच आलं, पण आता त्या आकड्याला अर्थ होता.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? पाच? बरं. मग जे सांगायला आलो होतो ते पळत पळत सांगतो.

मूत्रपिंडं चांगली असतील तर डिगॉक्सिनचं अर्धायुष्य दीड ते दोन दिवस. दोन धरू. दोन दिवसांत निम्मं, म्हणजे एका दिवसात पाव कमी, असं वाटेल. तसं नाही. एका दिवसानंतर ७१ टक्के उरतं, आणि त्या ७१ चे ७१ टक्के म्हणजे ५०. दोन गोळ्यांमधलं अंतर τ आणि अर्धायुष्य T घेतलं, तर एवढंच सूत्र:

```
r = 0.5^(τ/T)
गोळीनंतर: 1/(1-r)
गोळीआधी: r/(1-r)
```

एका गोळीनं जेवढं चढतं त्याला एक माप म्हणा. रोज एक गोळी घेतली तर गोळीनंतर पातळी ३.४ मापांवर स्थिरावते, पुढच्या गोळीआधी २.४ वर. तिसऱ्या गोळीनंतर मामा २.२ वर होते, म्हणजे वाट दोन-तृतीयांशच संपली होती. स्थिरावायला साधारण पाच अर्धायुष्यं, इथे दहा दिवस, लागतात. गोळ्या दुप्पट केल्यानं हे दिवस घटत नाहीत, पोचायची जागाच दुप्पट होते. मामा दहाव्या दिवशी ६.४ वर होते. घाई खरीच असेल तर डॉक्टर सुरुवातीलाच एकदा मोजून मोठी मात्रा देतात. ते त्यांचं काम.

आणि ज्याच्यासाठी मी आलो ते हे. गोळी तीच, वेळ तीच, पण हे औषध मुख्यतः मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती थकली आणि अर्धायुष्य दोनाचं चार दिवस झालं, तर गोळीआधीची पातळी २.४ वरून ५.३ वर जाते. पण लगेच नाही. चार दिवसांनी ३.८, आठ दिवसांनी ४.६, आणि जवळपास पूर्ण व्हायला वीस दिवस. त्रास दिसतो तेव्हा कारण तीन आठवड्यांपूर्वीचंही असू शकतं: जुलाब झाले, पाणी कमी पडलं, क्रिएटिनिन चढलं. घरचे मात्र सांगतात, गोळी तीच चाललीय, काही बदललं नाही.

मागून कोणीतरी फेणीबद्दल विचारलं. ती या हिशेबात बसत नाही. दारूच्या बाबतीत घरचे भांड्यात बघून खात नाहीत, तासाला ठरलेलं तेवढंच खातात. त्याहून जास्त ओतलंत तर भांडं भरतच जातं, वर छप्पर नाही. फिट्सवरचं फेनिटॉइनही वरच्या मात्रांवर असंच वागतं, तिथे माझं सूत्र वापरू नका.

मामांचा तो रिपोर्ट मी आणलाय. चहाच्या वेळी कोणाला बघायचा असेल तर दाखवतो. वेळेचा रकाना अजून कोराच आहे.