रात्रीचा हवाई फोटो: दिव्यांवरून कोकण कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी! स्क्रीनवरचा हा फोटो बघा. रात्री समुद्रावरून जाणाऱ्या विमानातून, पूर्वेकडे बघत काढलेला. गावाचं नाव नाही, तारीख नाही. मग हे कोकणच, हे कशावरून?

बरेच जण आधी दिव्यांचा रंग बघतात. मी म्हणेन, आधी अंधार बघा. सगळ्यात खाली काळं, त्यात सुटे ठिपके. हा समुद्र, आणि ठिपके मच्छीमार बोटींचे. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, म्हणजे फोटो बहुधा त्या दिवसांतला नाही. त्याच्या वर किनाऱ्याची उजेडाची रेघ आहे, पण ती मध्येमध्ये तुटते. तिथे खाड्या आत शिरल्यात. केरळच्या किनाऱ्यावर ही रेघ जवळजवळ सलग दिसते.

आणखी वर दिवे विरळ, पसरलेले. आपल्या वाड्याच तशा विखुरलेल्या, त्यात निम्मे दिवे माडापोफळीखाली झाकले जातात. मग एक रुंद काळा पट्टा, तो सह्याद्री. आणि त्याच्या पलीकडे उजेडाचे घट्ट पुंजके, ती घाटावरची गावठाणं. हा क्रम जुळला की कोकण पक्कं.

आता रंग. नारिंगी दिवे बहुतेक सोडियमचे, पांढरे एलईडीचे. देशात पथदिवे बदलायची केंद्राची योजना 2015 च्या जानेवारीत सुरू झाली, त्यामुळे सगळं शहर नारिंगी असेल तर फोटो जुना असण्याची शक्यता जास्त. पण खात्री नाही. मरीन ड्राइव्हवर 2015 मध्ये पांढरे एलईडी लागले, लोकांनी नापसंती दाखवली आणि नंतर पिवळसर एलईडी आले. म्हणजे पिवळा दिसला की सोडियमच, असं नाही.

त्यात कॅमेराही फसवतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर तो नारिंगी रंग स्वतःच कमी करतो. म्हणून एकटा दिवा बघून ठरवू नका, एकाच फोटोतले दोन भाग शेजारी ठेवून बघा. हा कोपरा झूम करतो. दिव्याचा मधला भाग जास्त उजेडाने पांढराच येतो, खरा रंग बाजूच्या रस्त्यावर पडलेल्या उजेडात दिसतो. इथे बंदराकडचा रस्ता नारिंगी, शेजारची वाडी निळसर पांढरी. म्हणून वाडी बंदरापेक्षा पुढारलेली का? नाही. वाडीतले दिवे नंतर बसले किंवा आधी बदलले, एवढंच.

उपग्रहाच्या चित्रांबाबत तर जास्तच जपा. नासाच्या रात्रीच्या नकाशांमागचा व्हिअर्स सेन्सर रंग ओळखत नाही, त्यातला पिवळा नंतर भरलेला असतो. तो साधारण 500 ते 900 नॅनोमीटरचाच उजेड टिपतो, आणि पांढऱ्या एलईडीचा निळा भाग 450 च्या आसपास असतो. त्यामुळे सोडियम काढून एलईडी लावलेलं गाव नकाशात आधीपेक्षा मंद दिसू शकतं, रस्त्यावर उजेड तेवढाच असला तरी.