खडखडीत बरा, तिजोरीत खडखडाट

[पडद्यावर पत्र्याचा डबा. तळाशी चार-पाच वाळक्या शेंगा. एक हात डबा उचलतो, कानाशी नेतो, हलवतो.]

हा आवाज कसला? मराठी माणूस विचार न करता सांगेल, खडखड.

आता दोन वाक्यं ऐका. एक जण तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळला होता, आता उठून हिंडायला लागलाय. कसा आहे तो? खडखडीत बरा. दुसरीकडे एखाद्या संस्थेकडे पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. बातमीचा मथळा काय येतो? तिजोरीत खडखडाट.

पत्र्याच्या डब्यातला एकच आवाज. त्यातून तब्येतही निघाली आणि कंगालीही. हे कसं झालं ते पाहायचं, तर आधी या शब्दाची मोडतोड करावी लागेल.

[पडद्यावर अक्षरं: खड | खड]

व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात. शाळेत ते आपण अभ्यस्त शब्दांच्या यादीत पाठ केलेत आणि परीक्षेनंतर सोडून दिलेत. पण त्यांच्यात आणि इतर दुहेरी शब्दांत एक सरळ फरक आहे. शब्द मधोमध तोडून पाहा. ‘हळूहळू’ तोडलात तर हातात ‘हळू’ येतो, तो एकटा चालतो. ‘पुस्तकबिस्तक’ तोडलात तर ‘पुस्तक’ शाबूत राहतं. ‘खडखड’ तोडलात तर ‘खड’ उरतो, आणि त्याला एकट्याला अर्थ नाही. कुणी म्हणेल, खडा आहे की! पण फडफड, कुरकुर, चिवचिव यांची अर्धुकं घेऊन बघा. फड, कुर, चिव. फड म्हणून मराठीत शब्द आहे, पण पंखांच्या फडफडीशी त्याचा काही संबंध लागत नाही. इथे शब्द आधी होता आणि मग दुहेरी झाला असं नाही. तो जन्मतःच जुळा आहे.

कधी जुळ्यांपैकी दुसरा थोडा वेगळा निघतो. चुळबुळ, लुडबुड, कुजबुज, गडबड, झगमग, तळमळ, धडपड, तडफड. दुसऱ्या भागाचं पहिलं अक्षर मोठ्यानं म्हणून पाहा. ब, ब, ब, ब, म, म, प, फ. बहुतेक वेळा ओठ मिटूनच दुसरा भाग सुरू होतो. ‘रिमझिम’सारखा एखादा ही वाट सोडतो, पण तोही उलटा करून ‘झिमरिम’ म्हणता येत नाही.

[भिंत, दगड, घर यांची चित्रं एकामागून एक.]

नेहमीच्या शब्दांचं लिंग आपण पाठ करतो. तो दगड, ती भिंत, ते घर. का, याला उत्तर नाही. मराठी शिकणारा परभाषक इथेच रडकुंडीला येतो. अनुकरणवाचक शब्दांनी मात्र हा ताप ठेवलेला नाही. जुळा शब्द नाम म्हणून आला की तो ‘ती’ असतो: ती खडखड, ती कटकट, ती बडबड, ती भुणभुण. त्याला शेवटी ‘आट’ लागला की लगेच ‘तो’: तो खडखडाट, तो कलकलाट, तो चिवचिवाट. आयुष्यात प्रथमच ऐकलेल्या आवाजाला तुम्ही आत्ता एखादं नाव पाडलंत, तरी त्याचं लिंग आधीच ठरलेलं असेल.

या ‘आट’ला एक भावंड आहे, ‘ईत’. आपल्या दोन वाक्यांचं कोडं या दोघांतच आहे.

[मातीचं मडकं. बोटाची टिचकी. ठण्.]

मडकं घेताना त्याला टिचकी मारून बघतात. नीट भाजलेलं, न तडकलेलं मडकं ठण् वाजतं. तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो. नाण्याचंही तसंच. खरं नाणं खण् वाजतं, खोटं बद्द. म्हणजे ठण् किंवा खण् हा वस्तूच्या अंगच्या गुणाचा पुरावा झाला. हा गुण सांगायला मराठी ‘ईत’ लावते. ठणठणीत प्रकृती. खणखणीत नाणं. मग खणखणीत आवाज, खणखणीत उत्तर.

पण त्याच मडक्यात काठोकाठ पाणी भरा आणि पुन्हा टिचकी मारा.

[पाणी ओतल्याचा आवाज. टिचकी. आवाज दबलेला.]

भरलेलं भांडं मोकळं वाजत नाही, रिकामं वाजतं. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणतात ते याच जातीचं निरीक्षण आहे. म्हणून आवाज खूप झाला, सगळीकडे भरून राहिला, की तो आत काही नसल्याचाही पुरावा ठरतो. अशा भरून राहिलेल्या आवाजासाठी मराठीत ‘आट’ आहे. घरात ठणठणाट. खिशात तर ठणठणगोपाळ.

डब्याकडे परत येऊ. शेंगा ओल्या असत्या तर वाजल्याच नसत्या. खडखड वाजते ती वस्तू कोरडी, म्हणून कपडे खडखडीत वाळतात. जखम सुकते, सर्दी जाते, घाम थांबतो, सगळी ओल गेली की माणूसही खडखडीत होतो. मला तरी या अर्थाची वाट अशीच दिसते. आणि डबा गच्च भरलेला असता तर शेंगांना हलायला जागाच नसती. तळाशी चारच आहेत म्हणून वाजतात. तो खडखडाट.

‘ईत’ वस्तूत मुरलेला गुण सांगतो, ‘आट’ घडत असलेला गोंगाट किंवा झगमगाट. ‘दणदणीत विजय’ होतो, ढोलांचा दणदणाट होतो. यांची अदलाबदल करून बघा, कान लगेच नाही म्हणेल. दोन्ही प्रत्यय प्रत्येकाला लागतात असंही नाही. ढगांचा गडगडाट आहे, पण ‘गडगडीत’ असं काही नाही, कारण गडगडणं हा कशाचा अंगचा गुण नसतो. दगड गुळगुळीत असतो, पण ‘गुळगुळाट’ कुणी ऐकलेला नाही, कारण गुळगुळीतपणाला ना आवाज, ना झगमग.

इथे थोडं थांबू. गुळगुळीत, बुळबुळीत, खरखरीत हे हाताला कळतं. चमचम, लखलख डोळ्यांना. ठसठस हे दुखणं. यांत कानाला काही ऐकू येत नाही, तरी साचा तोच, प्रत्यय तेच. आवाजाची नक्कल एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. आवाजासाठी घडवलेल्या साच्यात मराठीनं स्पर्श, प्रकाश आणि वेदनाही ओतल्या आहेत.

[काळा पडदा. फक्त आवाज: नळ गळतोय. टप, टप, टप. मग शांतता. एकच थेंब.]

नळ रात्रभर टपटप गळतो. थेंब टपकन पडतो. ‘नळ रात्रभर टपकन गळत होता’ असं कुणी म्हणणार नाही. जुळा शब्द म्हणजे पुन्हा पुन्हा, ‘कन’ म्हणजे एकदाच, एका झटक्यात. क्रिया किती वेळा झाली हे नेहमीच्या क्रियाविशेषणाला वेगळं सांगावं लागतं, इथे ते शब्दाच्या घडणीतच आहे. एकदाच आणि जोरात झालं असेल तर काही वेळा आतला स्वरही लांबतो: धडधड पण धाडकन, खडखड पण खाडकन.

आता एक खेळ. मी वाक्य अर्धं सोडतो, तुम्ही पुरं करा.

बातमी ऐकून तो मटकन…
तिच्या डोळ्यांत टचकन…
बाळ खुदकन…
त्यानं दोरी खसकन…

बसला, पाणी आलं, हसलं, ओढली. बरोबर ना? क्रियापद मी सांगितलंच नाही. ‘जोरात’ हा शब्द कुठल्याही क्रियेबरोबर जातो: जोरात धाव, जोरात बोल, जोरात हस. ‘मटकन’ला फक्त बसणं माहीत आहे, आणि तेही अंगातलं बळ गेल्यावरचं. अशा शब्दात क्रिया, तिचा वेग आणि करणाऱ्याची अवस्था एकदम येते. दुसऱ्या भाषेत नेताना अनुवादकाचं घोडं इथेच अडतं. ‘मटकन’साठी त्याला अर्धं वाक्य खर्चावं लागतं.

असे शब्द कमी-जास्त करता येत नाहीत. ‘किती मटकन बसला’, ‘अजून टचकन पाणी आलं’ ही मराठी नव्हे. ‘तो मटकन बसला नाही’ हे वाक्यही अवघडलेलं वाटतं. कुणाचं तरी म्हणणं खोडून काढायचं असेल तरच ते खपतं. हा नियम दगडावरची रेघ नाही, ‘धपकन बसू नकोस, खुर्ची मोडेल’ हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

पण ‘पटकन’ घ्या. किती पटकन झालं! जरा पटकन ये. त्याला पटकन सुचत नाही. सगळं चालतं. ‘पटकन’मध्ये आता ‘पट्’ ऐकू येत नाही, तो नुसता ‘लवकर’ झालाय. आवाजाचा शब्द वापरून गुळगुळीत झाला, की साध्या शब्दांच्या रांगेत जाऊन बसतो. तो गेलाय की नाही हे ओळखायचं असेल तर त्याच्याआधी ‘किती’ लावून बघा.

[पडद्यावर संस्कृत सूत्र, संथ लयीत उच्चार.]

हे वेगळेपण आजचं नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या चौथ्या पादात ५७ वं सूत्र आहे: ‘अव्यक्तानुकरणाद् द्व्यजवरार्धादनितौ डाच्’. अव्यक्त म्हणजे ज्यात अक्षरं वेगळी काढता येत नाहीत असा आवाज. अशा आवाजाची नक्कल करणारा शब्द दुहेरी होतो, त्याला एक खास प्रत्यय लागतो आणि ‘पटपटाकरोति’ असं रूप तयार होतं. अट अशी की अर्ध्या भागात निदान दोन स्वर हवेत, आणि पुढे ‘इति’ नको. ‘इति’ आला तर नुसतं ‘पटिति’, म्हणजे आपण ‘पट् असा आवाज’ म्हणतो तसं. आवाजाचा दाखला देणं वेगळं आणि आवाजाचा शब्द बनवणं वेगळं, ही रेघ तिथे आधीच आखलेली आहे.

१९६९ साली भाषावैज्ञानिक एमेनो यांनी दाखवलं की अशी घडण संस्कृतातून आलेल्या भाषांपुरती नाही, द्राविडी भाषांतही तीच आहे. वेगवेगळ्या कुळांतल्या शेजारणींनी ती वाटून घेतली आहे.

[रात्र. रिकामा रस्ता. आवाज हळूहळू बंद.]

शेवटी एकच शब्द. कुणाचं लक्ष वेधायचं असेल तर आपण शुक् शुक् करतो. आणि रस्त्यावर शुक् शुक् करावं असंही कुणी नसलं, तर म्हणतो: शुकशुकाट. त्याच्या अंगावर गडगडाटाचाच ‘आट’ आहे.

[आवाज पूर्ण बंद.]